खिडकीला आणि बाल्कनीच्या दाराला मच्छरजाळी: जाळी कुठली घ्यावी, फटी कशा बुजवाव्यात

जाळी लावूनही घरात डास येतात, तेव्हा बहुतेक जण जाळीला दोष देतात आणि आणखी बारीक जाळी आणतात. खरं तर धड असलेल्या जाळीतून डास क्वचितच येतो. तो येतो कडेने: चौकटीचा कोपरा, सरकत्या दोन शटरांमधली उभी फट, ट्रॅकमधलं पाणी जायचं भोक, दाराखालची मोकळी जागा. म्हणून या लेखात जाळी निवडण्यावर थोडं आणि कडांवर जास्त लिहिलं आहे.

कामाला लागण्याआधी काडेपेटीतली एक काडी खिशात ठेवा. तिची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. नेहमीच्या मच्छरजाळीचं भोक याहून बरंच लहान असतं, त्यामुळे ज्या फटीत काडी सहज जाते ती फट म्हणजे डासाला उघडं दार आहे असं धरून चाला. टेपने प्रत्येक फट मोजत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

जाळीचा नंबर

दुकानात '१८×१६' असं ऐकू येईल. याचा अर्थ एक इंच लांबीत एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ धागे. फायबरग्लासच्या नेहमीच्या जाळीचा धागा सुमारे ०.२८ मिमी जाड असतो. इंच म्हणजे २५.४ मिमी. त्याला १८ ने भागलं की १.४१ येतात, त्यातून धाग्याची जाडी वजा केली की भोक उरतं १.१३ मिमी. दुसऱ्या बाजूने हाच हिशेब १.३१ मिमी येतो. डासासाठी एवढं पुरतं. भोकांनी व्यापलेली जागा एकूण जाळीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते, म्हणजे वाराही बऱ्यापैकी येतो.

२०×२० ची जाळी त्याच धाग्यात घेतली तर भोक १ मिमीच्या जरा खाली येतं आणि मोकळी जागा साधारण ६१ टक्क्यांवर येते. दिव्याभोवती चिलटं फार जमत असतील तर ही घ्यावी. वाळूमाशीचा त्रास असलेल्या भागात मात्र दोन्ही जाळ्या कमी पडतात, कारण ती माशी डासापेक्षा बरीच लहान असते आणि नेहमीच्या मच्छरजाळीतून आरपार जाते. तिथे ०.६ मिमीच्या आसपास भोक असलेली जाळी लागते. तशी जाळी लावली की वारा कमी झाल्याचं जाणवतं, म्हणून गरज नसताना 'बारीक ती चांगली' या हिशेबाने घेऊ नका. खोली कोंदट झाली की लोक जाळीच बाजूला सारतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

नंबर एकच असला तरी धागा जाड-बारीक असू शकतो. त्यामुळे नुसत्या नंबरावर न जाता जाळी उजेडाकडे धरून पाहा, आणि नखाने धागा ढकलून पाहा. धागा सरकून भोक मोठं झालं तर ती जाळी घेऊ नका. चांगल्या फायबरग्लास जाळीत धागे एकमेकांना चिकटलेले असतात, सरकत नाहीत. स्वस्त नायलॉनच्या जाळीत ते सरकतात, आणि उन्हाने ती काही काळातच कडक होऊन फाटायला लागते. घरात मांजर असेल, किंवा उंदरांनी कुरतडण्याची भीती असेल, तर स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या. ती महाग असते आणि एकदा दुमडली की तिची घडी जात नाही, त्यामुळे वेल्क्रोने काढ-घाल करायच्या खिडकीला ती चालत नाही. रंगाबद्दल एवढंच, की काळ्या किंवा राखाडी जाळीतून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. पांढरी जाळी उन्हात चमकते.

ज्या खिडकीला जाळीचा ट्रॅक नाही तिथे: वेल्क्रो

दोनच ट्रॅक असलेली सरकती खिडकी किंवा बाहेर उघडणारी खिडकी असेल तर आतल्या बाजूने वेल्क्रो लावणं हा नवख्या माणसाला जमणारा उपाय आहे. १२०० मिमी रुंद आणि १३५० मिमी उंच चौकट आहे असं धरू.

आधी खरेदीचा हिशेब. चौकटीचा घेर २ × (१.२ + १.३५) म्हणजे ५.१ मीटर. वेल्क्रोची खरखरीत पट्टी आणि मऊ पट्टी, दोन्ही साडेपाच-साडेपाच मीटर घ्या, दोन्ही मागून चिकट असलेल्या. पट्टी २५ मिमी रुंद असावी, चौकट अरुंद असेल तर २० मिमी. जाळी चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे १३०० × १४५० मिमी. इथे पन्ह्याकडे लक्ष द्या. चार फुटी पन्हा १२२० मिमी भरतो. १२०० च्या खिडकीला तो पुरेल असं वाटतं, पण दोन्हीकडे जेमतेम एकेक सेंटिमीटर उरतो आणि लावताना जाळी जराशी तिरकी गेली की एका कोपऱ्यात कमी पडते. त्यापेक्षा पाच फुटी पन्हा घ्या, त्याच्या रुंदीत १४५० बसवा आणि लांबी १.३ मीटर कापून आणा. मधे जोड असलेली जाळी घेऊ नका.

आता चौकट पुसा. आधी ओल्या फडक्याने धूळ काढा, कोरडी होऊ द्या आणि मग स्पिरिट लावलेल्या कापडाने पुन्हा पुसा. पट्टी अॅल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या चौकटीवरच चिकटवायची, भिंतीवर नाही. भिंतीचा रंग भुकटीसारखा सुटतो आणि त्याच्यासोबत पट्टीही सुटते. लाकडावर नवा ऑइल पेंट असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

खरखरीत पट्टी चौकटीवर लावायला वरच्या कडेपासून सुरुवात करा. कोपऱ्यात पट्टी वळवायची नाही. आडवी पट्टी कोपऱ्यापर्यंत न्या, सरळ कापा आणि उभी पट्टी तिला अगदी खेटून सुरू करा. या सांध्यात काडी जाईल एवढी जागा राहिली तर डासांची वाट तुम्ही स्वतःच ठेवलीत. सगळी पट्टी बोटाने दाबा, मग चमच्याच्या पाठीने एकदा रगडा. आता घाई न करता ती २४ तास तशीच राहू द्या. गोंद धरायला वेळ लागतो. लगेच जाळी लावून ओढलीत तर महिन्याभरात वरची पट्टी लोंबायला लागेल.

दुसऱ्या दिवशी जाळी मापून कापण्याच्या भानगडीत पडू नका. चौकटी क्वचितच काटकोनात असतात. वरची रुंदी १२०४ आणि खालची १२०० असं सर्रास सापडतं. त्याऐवजी मऊ पट्टी, तिचा मागचा कागद न काढता, चौकटीवरच्या खरखरीत पट्टीवर दाबून बसवा. चारही बाजू झाल्या की वरच्या पट्टीचा कागद काढा, जाळीचे धागे चौकटीला समांतर धरून जाळी त्यावर दाबा. मग दोन्ही उभ्या बाजू वरून खाली थोड्या थोड्या करत, कागद काढत काढत दाबत या. खालची बाजू सर्वात शेवटी. जाळी ताणायची नाही, फक्त सपाट ठेवायची. ताणलेली जाळी सतत वेल्क्रोला आत ओढत राहते. चारही कडा लावून झाल्यावर धारदार कटरने बाहेरची जाळी पट्टीच्या कडेलगत कापून टाका. अशी जाळी त्या चौकटीच्या वाकडेपणासकट बरोबर त्या मापाची तयार होते.

काम इथे संपलं असं वाटेल, पण मऊ पट्टीचा गोंद जाळीच्या भोकांतून खोलीच्या बाजूला उघडा राहतो. त्यावर धूळ बसून काळी किनार तयार होते, आणि उन्हाने गोंद मऊ झाला की जाळी पट्टीवरून सरकते. म्हणून जाळी काढा, त्या किनारीवर कापडी पट्टी ठेवा आणि शिलाई मशीनवर चारही बाजूंनी दोन टिपा मारून घ्या. मशीन नसेल तर शिंप्याकडे द्या. चिकट पट्टीत सुई अडखळते, तेव्हा सुई मधूनमधून स्पिरिटने पुसावी लागते हे त्यालाही सांगा.

या जाळीची मर्यादा अशी की काच उघडायला किंवा लावायला दर वेळी एक कोपरा सोडवावा लागतो. नेहमी खालचा एकच कोपरा सोडवा, म्हणजे झिजला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. पण जी खिडकी दिवसातून चार वेळा उघड-बंद होते तिला वेल्क्रो लावूच नये. तिला सरकतं शटर हवं.

सरकती खिडकी आणि बाल्कनीचं दार: कुठली काच सरकवायची

तीन ट्रॅकच्या खिडकीत किंवा बाल्कनीच्या दारात दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं शटर असतं. जाळी एका टोकाच्या ट्रॅकमध्ये असते, बहुधा सर्वात बाहेरच्या किंवा सर्वात आतल्या. एक काच मधल्या ट्रॅकमध्ये असते आणि दुसरी काच जाळीपासून लांबच्या ट्रॅकमध्ये. हे आधी स्वतः वाकून पाहून घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

नियम एकच. मधल्या ट्रॅकमधली काच, म्हणजे जाळीच्या शेजारची, तिच्या बाजूला पूर्ण बंद ठेवायची. जाळी उरलेल्या अर्ध्या भागावर आणायची. आणि हवेसाठी लांबच्या ट्रॅकमधली काच सरकवायची. असं केलं की मधली काच आणि जाळी मिळून एक सलग भिंत होते. दोघांच्या उभ्या पट्ट्या मधोमध एकमेकींवर येतात आणि तिथला ब्रश फट बंद करतो. लांबची काच मग चार बोटं उघडी ठेवा की पूर्ण उघडी, भिंतीला काहीच फरक पडत नाही.

याउलट मधली काच अर्धवट सरकवली की घोटाळा होतो. जाळीची उभी पट्टी आता काचेच्या पट्टीसमोर न राहता नुसत्या काचेसमोर येते. काच आपल्या पट्टीपेक्षा आत बसलेली असते, त्यामुळे ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि वरपासून खालपर्यंत उभी फट राहते. डास तिथून दोन शटरांच्या मधे शिरतो आणि काचेची कड ओलांडून आत येतो. बाहेरून पाहिलं तर जाळी लावलेली दिसते, आतून पाहिलं तरी दिसते, आणि तरी घरात डास. मधली काच पूर्ण टोकापर्यंत सरकवली तर दोन्ही पट्ट्या पुन्हा समोरासमोर येतात, पण रोज कोण एवढं काटेकोर करणार? कुठली काच सरकवायची हे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून द्या आणि मधल्या काचेची कडी लावूनच ठेवा.

ब्रश, चाकं आणि ट्रॅकमधली भोकं

हे जमलं की काडी काढा. काच आणि जाळी वर सांगितलेल्या स्थितीत ठेवून मधल्या उभ्या फटीत वर, मधे आणि खाली काडी घालून पाहा.

तिन्ही ठिकाणी सारखीच फट असेल तर ब्रश झिजला आहे किंवा मुळातच आखूड आहे. हा ब्रश म्हणजे शटरच्या खाचेत सरकवलेली लव असलेली पट्टी. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा काढून दुकानात न्या, म्हणजे खाचेत बसणारा तिचा तळ बरोबर मिळेल. लवेची उंची मात्र जुन्यावरून घेऊ नका, कारण ती दबलेली असते. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. ते ६ मिमी असेल तर ७ ते ८ मिमी लवेचा ब्रश घ्या. त्याहून उंच घेतला तर शटर इतकं जड सरकतं की मुलं आणि म्हातारी माणसं ते अर्धवटच सोडतात. नवा ब्रश घालायला बऱ्याच शटरांत खाचेचं एक टोक मोकळं करावं लागतं. पट्टी सरकवताना ताणू नका. ताणलेली पट्टी काही दिवसांत आकसते आणि खाली दोन सेंटिमीटर उघडं राहतं. वर आणि खाली टोकाशी खाच जरा दाबून घेतली की ती जागची हलत नाही.

फट खाली नसेल पण वर जाता जाता रुंद होत असेल, तर ब्रश बदलून उपयोग नाही. शटर तिरकं उभं आहे. शटरच्या खालच्या कोपऱ्यात, कडेला एक स्क्रू असतो. तो फिरवला की आतलं चाक वर-खाली होतं. जी बाजू खचली आहे ती थोडी थोडी उचला आणि दर अर्ध्या फेऱ्यानंतर बाजूच्या चौकटीशी शटर समांतर झालं का ते पाहा. त्याआधी ट्रॅकमधली माती आणि केस काढून टाका. अनेकदा चाकाखालचा खडाच शटरला तिरकं करत असतो.

मधोमध, जिथे शटरं एकमेकांवर येतात, तिथे वरच्या आणि खालच्या ट्रॅकमध्ये बोटाच्या पेराएवढी पोकळी राहते. ब्रश उभा असतो, तो ट्रॅकच्या खोलीत उतरत नाही. ही जागा नजरेत येत नाही, म्हणून बहुतेकांकडून सुटते. दाट फोमचा किंवा ब्रशचाच छोटा तुकडा तिथे चिकटवा, शटर अडणार नाही एवढ्याच जाडीचा.

खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला लांबट भोकं असतात. पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी ती आहेत. ती सिलिकॉनने बुजवू नका, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येईल. उरलेल्या जाळीचा तुकडा भोकापेक्षा सेंटिमीटरभर मोठा कापा, आणि फक्त त्याच्या कडांना सिलिकॉन लावून आतून चिकटवा. मग पेलाभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून ते बाहेर पडतं का पाहा. या जाळीत कचरा अडकतो. पावसाळ्याआधी आणि मधे एकदा ती ब्रशने झटकावी लागते.

शटरची जाळी बदलायची असेल तर

शटर ट्रॅकमधून उचलून सपाट जमिनीवर आडवं ठेवा. जाळी खाचेत बसवणारी रबरी दोरी एका कोपऱ्यातून स्क्रूड्रायव्हरने उचका, सगळी ओढून काढा आणि तिचा तुकडा नेऊन त्याच जाडीची नवी आणा. जुनी कडक झालेली असते, ती पुन्हा वापरू नका. जाळी सगळीकडून पाच सेंटिमीटर जास्त ठेवून पसरा. आधी एक लांब बाजू, मग तिला लागून असलेली आखूड, मग दुसरी लांब, शेवटी उरलेली. रबरी दोरी चाकाच्या हत्याराने खाचेत दाबत न्यायची आणि जाळी हाताने फक्त सुरकुती निघेल इतकीच धरायची. दोरी खाचेत जाताना जाळीला स्वतःच ताण देते.

नवखे इथे हमखास जास्त ओढतात. दोन मीटर उंच दाराच्या शटरवर त्याचा परिणाम लगेच दिसतो: उभ्या पट्ट्या मधे आत वाकतात आणि शटर डमरूसारखं होतं. वर-खाली चौकटीला टेकतं, मधे बोटभर फट. ब्रश कितीही चांगला असला तरी ती फट भरत नाही. दोरी बसवताना मधूनमधून उभ्या पट्टीला सरळ काठी लावून पाहा आणि वाकलेलं दिसलं तर तेवढ्या भागातली दोरी काढून पुन्हा सैल बसवा. जादा जाळी कापताना कटरचं पातं खाचेच्या बाहेरच्या कडेकडे झुकवा, आतल्या बाजूला घसरलं तर नवी जाळी गेली.

बाल्कनीच्या दाराचं वेगळं काय

सरकत्या दाराला वरचंच सगळं लागू आहे. बिजागरीच्या जाळीच्या दाराला मात्र खालची फट हा मुख्य प्रश्न. फरशी सपाट नसते, त्यामुळे एका टोकाला दार घासतं आणि दुसऱ्या टोकाला फट राहते. दाराखाली ब्रशची पट्टी लावा, पण स्क्रूची भोकं लांबट असलेली घ्या, म्हणजे ती फरशीच्या उताराप्रमाणे तिरकी बसवता येते. जागा असेल तर हे दार बाहेर उघडणारं करा. संध्याकाळी डास जाळीवर बाहेरून बसलेले असतात. दार आत ओढलं की त्यांच्यासकट आत येतं. आपोआप बंद होणारी स्प्रिंगची बिजागरीही लावून घ्या.

मधोमध चुंबकाने मिटणारे जाळीचे पडदे लावायला सर्वात सोपे आहेत, पण वाऱ्याच्या झोतात त्यांचं खालचं टोक उचललं जातं. बाल्कनीत वारा जोराचा असेल तर ते घेऊ नका. घ्यायचेच तर खाली वजनाची पट्टी असलेले घ्या आणि जमिनीवर एखादा सेंटिमीटर टेकतील असे लावा.

एक गोष्ट सुरक्षेची. जाळी, मग ती स्टीलची का असेना, मुलाला पडण्यापासून वाचवत नाही. वेल्क्रो किंवा रबरी दोरी हलक्या धक्क्यानेही सुटते. लहान मूल असेल तिथे ग्रिल किंवा कठडा वेगळा हवाच.

तपासणी

भर दुपारी खोलीतले दिवे बंद करा, बाकीचे पडदे ओढा आणि जाळीच्या कडांकडे आतून पाहा. जिथून उजेडाची पांढरी रेघ दिसते तिथे काडी घालून बघा. ब्रशच्या ठिकाणी कागदाची पट्टी फटीत धरून ओढा. ती लव धरून जराशी अडकत आली पाहिजे, सुळकन निघाली तर ब्रश टेकत नाही. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक आणि बाथरूमची झडप याच वेळी बघून घ्या, कारण खिडक्या नीट झाल्या की डास तिथून यायला लागतात.

हे सगळं झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरात डास दिसले तर घाबरू नका, आधीचे आत अडकलेले असतात. आठवड्यानंतरही दिसत असतील तर आधी घरातच डास होत नाहीत ना ते पाहा. कुंड्यांच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, न वापरलेल्या संडासाचं भांडं, यांतलं साचलेलं पाणी काढून टाका. त्यानंतर कुठल्या वेळी डास दिसतात ते बघा. संध्याकाळी दिसत असतील तर बहुधा दार उघडं राहतं आहे. दिवसाढवळ्या चावत असतील तर तो एडिस जातीचा डास असण्याची शक्यता जास्त, म्हणजे जाळी फक्त तिन्हीसांजेला लावून भागणार नाही, सकाळपासून लावलेली हवी.